रापणीचा वाटा आणि प्रकल्पाचे तास

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय शोधायला सांगितलं, की एक प्रश्न सहज सुचतो: ‘एलईडी मासेमारीमुळे रापणकारांचं उत्पन्न किती घटलं?’ प्रश्न खरा आहे आणि घरातला आहे. रात्री समुद्रात प्रखर दिवे लावून मासळी एका जागी गोळा करायची आणि मोठ्या जाळ्याने उचलायची, या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. किनाऱ्यावरून दोर ओढणाऱ्या माणसाला आपल्या वाट्याची मासळी कुठे गेली हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. पण प्रश्न महत्त्वाचा असणं वेगळं आणि एका विद्यार्थ्याला एका सत्रात तो झेपणं वेगळं. दोन्हींची गल्लत इथूनच सुरू होते, म्हणून हाच प्रश्न हातात घेऊन तो कुठे कुठे अडतो ते पाहू.

गैरसमज: लोकांना विचारलं की उत्तर मिळतं

‘किती घटलं’ या दोन शब्दांत आधीचा आकडा गृहीत धरलेला आहे. तो आहे कुठे? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीचे अंदाज काढते. ते निवडक बंदरांवरच्या नमुना-पाहणीतून काढलेले असतात. दांडी किंवा तळाशीलच्या एखाद्या रापणीला दहा वर्षांपूर्वी काय मिळालं, हे त्यातून निघत नाही. मग विद्यार्थी माणसांच्या आठवणीकडे वळतो. आठवणीत मोठी रापण राहते, रिकामी रापण पुसली जाते. शिवाय वादाच्या विषयावर दहा वर्षांपूर्वीचं उत्पन्न विचारलं, तर समोरचा माणूस रुपये सांगत नाही, त्याचा राग सांगतो. तो राग नोंदवण्याजोगा आहे, पण त्याला उत्पन्नाचा आकडा म्हणता येत नाही.

‘मुळे’ हा शब्द त्याहून जड आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी, ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार, मे २०२१ मध्ये तौक्ते ही वादळं आली, आणि मध्ये २०२० ची टाळेबंदी. त्याच काळात तारकर्ली-देवबागचं पर्यटन वाढलं आणि दोर ओढणारे हात होमस्टे आणि होड्यांकडे वळले. यातून एलईडीचा हिस्सा वेगळा काढायचा, तर दिवे पोहोचले नाहीत असा तुलनेचा किनारा हवा आणि अनेक वर्षांच्या नोंदी हव्यात. मोठ्या संस्थेलाही ते कष्टाचं आहे. एकट्या विद्यार्थ्याने इथेच थांबून प्रश्न बदलायला हवा. बदललेला प्रश्न असा: ‘ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात एका रापणीत येणाऱ्या मासळीचे वाटे कसे पडतात आणि एका वाट्याला काय येतं?’

गैरसमज: वेळ म्हणजे सादरीकरणाची तारीख

विद्यापीठाचं वेळापत्रक आणि दर्याचं वेळापत्रक जुळत नाही. जूनमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात विद्यार्थी उत्साहाने प्रश्नावली घेऊन किनाऱ्यावर जातो, तेव्हा १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. उधाणात रापणही निजलेली असते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडतो, तोवर चतुर्थी तोंडावर आलेली असते, आणि त्या दिवसांत कोकणात कुणी प्रश्नावली भरत बसणार नाही. म्हणजे जूनच्या सत्रातला खरा उपयोगी काळ फार थोडा उरतो. म्हणूनच वरच्या प्रश्नात महिने नाव घेऊन लिहिले आहेत.

महिने ठरले की तास मोजायचे. प्रकल्प ४ श्रेयांकांचा आणि एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर हातात १२० तास आहेत. होडीने अर्धवर्तुळात जाळं सोडण्यापासून वाटे पडेपर्यंत साधारण ४ तास धरा. १५ रापणी पाहायच्या ठरवल्या, तर ६० तास झाले. आठ जणांशी प्रत्येकी ४० मिनिटांची मुलाखत ठरवली, तर सव्वापाच तासांचं ध्वनिमुद्रण होईल. एका तासाचं मुद्रण नीट उतरवायला किमान ४ तास लागतात, त्यात बोली मालवणी, मागे लाटा आणि मध्येच चार माणसांचा गलका. म्हणजे आणखी एकवीस तास. नोंदी संगणकावर चढवायला पाच. एकूण एक्क्याण्णवच्या पुढे, लेखनाला २८ तास शिल्लक. कागदावर जमलं.

पण ‘आज रापण नाय’ हे वाक्य या हिशेबात धरलेलं नाही. वारा फिरला, मासळी किनाऱ्याला लागली नाही, गावात मयत झालं, की फेरी फुकट जाते. पाहिलेल्या प्रत्येक रापणीमागे दोन तासांची एक रिकामी फेरी धरली, तर ३० तास आणखी गेले आणि लेखनाला काहीच उरलं नाही. मग आकडे खाली आणायचे: १२ रापणी (४८ तास), १२ रिकाम्या फेऱ्या (२४ तास), पाच मुलाखती (साडेतीन तास), त्या उतरवणं (१४ तास), नोंदी चढवणं (४ तास). एकूण साडेत्र्याण्णव. वाचन आणि लेखनासाठी साडेसव्वीस तास राहिले. एवढ्यात बसतं. रिकाम्या फेरीची तारीख आणि कारणही वहीत लिहावं, कारण रापण किती दिवस निघालीच नाही, हेही उत्पन्नाचंच उत्तर आहे.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. खर्च म्हणजे एसटीचं भाडं आणि झेरॉक्स, एवढाच अंदाज बहुतेक जण करतात. रिकाम्या फेरीलाही तेवढंच भाडं लागतं, हे विसरतात. रापण पहाटे लागली तर एसटी नसते, आणि मुक्कामाचा किंवा पेट्रोलचा खर्च येतो.

गैरसमज: ३८४ माणसं नसली तर अभ्यास कच्चा

हा आकडा इतका फिरतो, की विद्यार्थी तो धर्मासारखा पाळतात. तो येतो एका ठरावीक गरजेतून: फार मोठ्या लोकसंख्येतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं निवडायची आणि एखादं प्रमाण ५ टक्क्यांच्या फरकाने, ९५ टक्के खात्रीने सांगायचं. फरक १० टक्के चालत असेल, तर ९६ पुरतात. लोकसंख्याच लहान असेल तर आकडा आणखी खाली येतो. बाजारात बसून मासे विकणाऱ्या १५० बायका असतील, तर १० टक्के फरकासाठी ५९ जणी पुरतात.

रापणीच्या बाबतीत मात्र माणसं मोजणं मुळातच चुकतं. रापण सामाईक असते. मासळी विकून आलेल्या पैशातून खर्च वजा होतो आणि ठरलेल्या रीतीने वाटे पडतात. त्या दिवशीचा एक वाटा म्हणजे किती रुपये, हे त्या रापणीतल्या सगळ्यांसाठी एकच असतं. साठ माणसांना विचारून साठ उत्तरं मिळाली, तरी माहिती एकाच ओढीची मिळाली. मोजणीचं एकक इथे माणूस नसून ओढलेली रापण आहे. साठ मुलाखतींपेक्षा बारा वेगळ्या दिवसांच्या बारा रापणी जास्त सांगतात. प्रत्येकीच्या नोंदीत दिवस, दोराला लागलेले हात, बांगडा किती, तारली किती, लिलावाचा दर, वजा झालेला खर्च, पडलेले वाटे आणि घरी खायला नेलेली मासळी यावं. ही शेवटची बाब हमखास सुटते. ती सुटली की उत्पन्न कमी दिसतं, आणि नेमकं मंदीच्या दिवशी जास्त कमी दिसतं, कारण त्या दिवशी थोडी आलेली मासळी विकण्याऐवजी वाटूनच घेतली जाते.

गैरसमज: मी इथलाच, माणसं मला मिळणारच

गाव आपलं असलं की दार उघडतं, पण ते कोणत्या बाजूचं दार हे आडनाव आणि नातं ठरवतं. चुलत्याचा ट्रॉलर असलेल्या मुलाला रापणकार बसायला सांगतील, चहा देतील आणि मोजकंच बोलतील. उलट रापणीतल्याच घरच्या पोराला नाही म्हणणं वडीलधाऱ्यांना अवघड जातं, मग तो होकार खरा किती हे कळत नाही. सोबत नेलेल्या कॉलेजच्या पत्राच्या डोक्यावर काय लिहिलंय तेही पाहावं. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, तेव्हापासून मासेमारी बंद होईल या भीतीने इथे त्याला विरोध राहिला आहे. ‘अभयारण्य’ हा शब्द दिसला, की तुम्ही वनखात्याची माणसं ठरता.

म्हणून विषय नोंदवण्याआधी एकदा किनाऱ्यावर जावं, वही न काढता. रापणीच्या जाणत्यांना भेटून तीन गोष्टी विचाराव्यात: आम्ही बाजूला उभे राहून पाहिलं तर चालेल का, हिशेबाच्या वेळी बसू द्याल का, आणि नको असेल तेव्हा सांगाल का. पाहायला बहुतेक ठिकाणी होकार मिळतो. हिशेबाला नकार आला, तर आपल्या प्रश्नाचा अर्धा भाग गेला, हे पहिल्याच आठवड्यात कळलेलं बरं. तेव्हा वाट्याचे रुपये सोडून द्यावेत आणि मासळी, हात व लिलाव यांवर प्रश्न उभा करावा. लिलाव सगळ्यांसमोरच होतो.

गैरसमज: संमतीपत्रावर सही झाली की नीतीचं काम संपलं

मूळ प्रश्नाची सगळ्यात मोठी अडचण इथे होती. एलईडीवाल्या नौकांबद्दल विचारलं, की नावं येतात: कुणाची होडी, कुठल्या बंदरातली, कुठल्या रात्री. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. २०२१ च्या सुधारणेनंतर त्यातले दंड लाखांत गेले आहेत. डॉक्टरेट करणाऱ्याची असो की पदवीच्या मुलाची, संशोधकाच्या वहीला आपल्याकडे कायद्याने वेगळं संरक्षण नाही. अधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने मागितली, तर ‘मी गोपनीयतेचा शब्द दिला होता’ एवढ्यावर ती रोखता येणार नाही. जे राखता येणार नाही ते विचारू नये. सहीने हे बदलत नाही. उलट सही केलेला कागद म्हणजे कोण बोललं याचा पुरावाच. अशा विषयात तोंडी संमती घेऊन ती नावाविना नोंदवणं जास्त सुरक्षित असतं. मार्गदर्शकाशी आणि कॉलेजच्या नीती समितीशी, ती असेल तर, हे आधी बोलून घ्यावं.

नाव बदलण्यानेही भागत नाही. ‘अमुक वाडीच्या रापणीचा तांडेल’ असं लिहिलं की गावाला माणूस कळला. मसुद्यातली प्रत्येक ओळ गावातल्याच एखाद्या जाणत्या माणसाच्या नजरेने वाचावी आणि ओळख पटत असेल तिथे वाडी, वय किंवा घटनेची तारीख काढून टाकावी. गावाचं नाव गाळूनही निष्कर्ष टिकत असेल, तर गाळावं. मासळी नेमकी कुठे लागते ही जागाही नकाशावर दाखवू नये, ती त्यांची मिळकत आहे. दोराला शाळकरी पोरं लागलेली असतात. हात मोजताना ती मोजावीत, पण १८ वर्षांखालच्यांची मुलाखत पालकांच्या संमतीशिवाय घेऊ नये. फोटोत त्यांचे चेहरे येऊ देऊ नयेत.

एवढं करून हाती येतं ते एका हंगामातल्या बारा रापणींचं कोष्टक. एलईडीमुळे किती घटलं याचं उत्तर त्यात नाही, आणि प्रबंधाच्या मर्यादांत तसं सरळ लिहावं. पण पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने त्याच किनाऱ्यावर, त्याच महिन्यांत, त्याच रकान्यांनी नोंदी घेतल्या, तर त्याच्याकडे तुलनेला आधीचा आकडा असेल. त्यासाठी कोरा नमुना आणि रकान्यांचे अर्थ परिशिष्टात द्यावेत. भरलेलं कोष्टक रापणीच्या माणसांना मालवणीत वाचून दाखवावं, त्यांच्या दुरुस्त्या घ्याव्यात आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवावी.