साहेबांचा पगार नेमका किती?

२०२३ मध्ये इन्फोसिसचा वार्षिक अहवाल आला आणि बातमी झाली: मुख्याधिकारी सलील पारेख यांचा पगार २१ टक्क्यांनी घटला. ७१.०२ कोटी रुपयांवरून ५६.४४ कोटी. त्याच्या आदल्या वर्षी तो ४९.६८ कोटींवरून ७१ कोटींवर गेला होता आणि तेव्हा ‘४३ टक्के वाढ’ असे मथळे झळकले होते. यातला एकही आकडा खोटा नव्हता, सगळे अहवालातूनच उचललेले होते. गंमत अशी, की ज्या वर्षी पगार ‘घटला’ त्याच वर्षी मूळ वेतन, बोनस आणि निवृत्तिलाभ मिळून पारेख यांची रक्कम सुमारे १८.७ कोटींवरून २५.८ कोटींवर गेली होती. म्हणजे शेअरचा हिशेब बाजूला ठेवला तर पगार चांगला एक तृतीयांशाहून जास्त वाढलेला होता.

हे कसे झाले ते समजून घ्यायचे तर आधी अहवालातले योग्य पान गाठायला हवे. शेअरबाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला आपला वार्षिक अहवाल शेअरबाजाराकडे द्यावाच लागतो. बीएसई आणि एनएसई या दोघांच्या संकेतस्थळांवर तो फुकट उतरवून घेता येतो. तीनशे-चारशे पानांचे हे बाड सुरुवातीपासून वाचण्यात अर्थ नाही, कारण पहिली शंभरेक पाने बहुधा हसऱ्या छायाचित्रांची आणि अध्यक्षांच्या पत्राची असतात. फाइल उघडून शोधाच्या चौकटीत `median` हा शब्द टाकावा. कंपनी कायदा २०१३ खालच्या नियमांनुसार प्रत्येक संचालकाचे मानधन कंपनीच्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे हे सांगणे नोंदणीकृत कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यामुळे हा शब्द वाचकाला थेट संचालक मंडळाच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात नेऊन सोडतो.

इन्फोसिसच्या २०२४-२५ च्या अहवालात या परिशिष्टातला पारेख यांच्या नावापुढचा एकूण आकडा ८०.६२ कोटींचा आहे. मधल्या कर्मचाऱ्याला त्या वर्षी १० लाख ७२ हजार रुपये मिळाले, म्हणजे हे गुणोत्तर ७५२ पट. बातमीत येते ते एवढेच. पण तक्त्यात या आकड्याचे चार तुकडे पाडलेले आहेत: मूळ वेतन ७.४५ कोटी, निवृत्तिलाभ ४९ लाख, बोनस आणि कामगिरीवर ठरणारा भाग २३.१८ कोटी, आणि शेअर हातात घेतल्याबद्दलचा लाभ ४९.५० कोटी. शेवटचा तुकडा वेगळा काढला तर ३१.१२ कोटी उरतात आणि ७५२ पटींचे २९० पट होतात.

हा शेवटचा तुकडाच सगळी फिरवाफिरव करतो. मोठ्या अधिकाऱ्यांना कंपनी ‘आरएसयू’ देते. म्हणजे ठरावीक काळ नोकरीत राहिल्यावर, किंवा ठरलेली उद्दिष्टे गाठल्यावर, नाममात्र किमतीत शेअर मिळण्याचा हक्क. इन्फोसिसमध्ये ही किंमत शेअरच्या दर्शनी मूल्याइतकी, पाच रुपये असते. यात तीन टप्पे येतात. आधी हक्क दिला जातो, मग अट पूर्ण झाल्यावर तो पक्का होतो, आणि शेवटी अधिकारी आपल्या सोयीने पाच-पाच रुपये भरून शेअर आपल्या खात्यात घेतो. त्या दिवशीचा बाजारभाव वजा पाच रुपये हा त्याचा लाभ. आयकर खाते याच रकमेवर कर लावते आणि परिशिष्टातही हीच रक्कम येते.

याचा अर्थ ४९.५० कोटी हे २०२४-२५ मध्ये केलेल्या कामाचे मोल नाही. आधीच्या वर्षांत मिळालेले हक्क या वर्षी वटवले, त्यांचा तो हिशेब आहे. किती हक्क केव्हा वटवायचे हे बऱ्याच अंशी अधिकाऱ्याच्या हातात असते आणि भाव किती असेल हे बाजाराच्या हातात. २०२१-२२ मध्ये पारेख यांच्या शेअरलाभाचा आकडा ५२.३३ कोटी होता, पुढच्या वर्षी ३०.६० कोटी. ‘घटलेल्या पगारा’चे कोडे इथेच सुटते.

मग त्या वर्षासाठी कंपनीने दिले तरी काय, हे कुठे पाहायचे? त्यासाठी परिशिष्ट सोडून नेमणुकीच्या अटींकडे जावे लागते. २०२२ मध्ये पारेख यांची पुढच्या पाच वर्षांसाठी फेरनेमणूक झाली. तेव्हा भागधारकांसमोर ठेवलेल्या ठरावात दरवर्षी द्यायच्या आरएसयूंचे मूल्य रुपयांत मांडले होते. त्यातला सर्वांत मोठा भाग कामगिरीशी बांधलेला, ३४.७५ कोटींचा. वर्षाच्या मेहनतान्याचा अंदाज घ्यायचा असेल तर वटवलेल्या शेअरपेक्षा हा आकडा जास्त कामाचा आहे. मात्र कामगिरी कमी पडली तर हक्कही कमी पक्के होतात, हे लक्षात ठेवूनच तो वापरायला हवा.

आणखी एक आकडा आर्थिक पत्रकांच्या टिपांमध्ये असतो. ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ या टिपेत सर्व प्रमुख अधिकाऱ्यांवर झालेला खर्च एकत्र दिलेला असतो. तिथे शेअरचा हिशेब तिसऱ्याच पद्धतीने होतो: हक्क दिला त्या दिवशीची किंमत धरून ती पुढच्या वर्षांत थोडीथोडी खर्ची टाकली जाते. त्यामुळे परिशिष्टातली बेरीज आणि टिपेतली बेरीज जुळत नाही, आणि ती जुळवत बसण्यात शहाणपण नाही. दोन्ही बरोबर असतात, फक्त प्रश्न वेगवेगळे असतात. एक सांगते अधिकाऱ्याला काय मिळाले, दुसरी सांगते कंपनीला या वर्षी काय खर्च धरावा लागला.

याच टिपेखाली बारीक टायपात एक ओळ असते. फाइलमध्ये `actuarial` शोधले की ती सापडते. ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे या आकड्यात धरलेले नाहीत, कारण त्यांचे मूल्यांकन संपूर्ण कंपनीसाठी एकत्र केले जाते, अशा अर्थाची ती असते. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत ती थोड्याफार फरकाने तशीच आढळते. कारण खोटे नाही. हजारो कर्मचाऱ्यांचे दायित्व एका झटक्यात मोजले जाते, त्यातून एकाचा वाटा वेगळा निघत नाही. पण परिणाम असा, की वीस-पंचवीस वर्षे कंपनीत काढलेल्या अधिकाऱ्याची साठत चाललेली रक्कम वर्षानुवर्षे दिसत नाही आणि तो निवृत्त होतो त्या वर्षी मानधन एकदम फुगलेले दिसते. अशा फुगलेल्या वर्षाची आधीच्या वर्षाशी तुलना करून वाढीची टक्केवारी काढणे व्यर्थच.

घर, गाडी, चालक या सवलतींचेही तसेच. त्यांची किंमत सहसा आयकर नियमांप्रमाणे लावतात. २०२४-२५ मध्ये लागू असलेल्या नियमांनुसार १.६ लिटरपेक्षा मोठ्या इंजिनाची कंपनीची गाडी ऑफिस आणि घर दोन्हींसाठी वापरली, आणि सगळा खर्च कंपनीने केला, तरी तिचे मूल्य महिना २,४०० रुपये. चालक असेल तर आणखी ९००. गाडी दीड कोटीची असली तरी ३,३०० रुपयेच! मुंबईत तेवढ्यात महिनाभर रिक्षाने फिरणेही कठीण.

काही वेळा मात्र आकडा लहान नसतो, तर तो तिथे नसतोच. एचसीएल टेक्नॉलॉजीजचे मुख्याधिकारी सी. विजयकुमार यांना भारतातल्या मूळ कंपनीकडून पगार मिळत नव्हता. तो अमेरिकेतली उपकंपनी देत असे. २०२१-२२ मध्ये ही रक्कम १२३.१३ कोटी रुपये होती. डॉलरमध्ये सुमारे १ कोटी ६५ लाख, आणि त्यातले १ कोटी २५ लाख डॉलर दीर्घकालीन प्रोत्साहनाचे, एका वर्षात हाती पडलेले. एचसीएलने ही माहिती अहवालात उघड दिली होती, म्हणून ती बातमी झाली. पण केवळ मूळ कंपनीच्या तक्त्यातला शून्य पाहून पान उलटणाऱ्याला ती मिळाली नसती. म्हणून तक्त्यात रेघ किंवा शून्य दिसले, की त्याच पानावरची तळटीप वाचायची आणि `subsidiary` हा शब्द शोधायचा.

पैसा वरच्या मजल्यावरूनही येतो. टीसीएसचे अध्यक्ष एन. चंद्रशेखरन टीसीएसकडून कमिशन घेत नाहीत. त्यांचे मानधन टाटा सन्स देते आणि २०२३-२४ मध्ये ते सुमारे १३५ कोटी होते. टाटा सन्स शेअरबाजारात नोंदलेली नाही, त्यामुळे टीसीएसचा अहवाल कितीही बारकाईने वाचला तरी त्यांच्या मिळकतीचे चित्र पुरे होत नाही.

रिलायन्सचे मुकेश अंबानी तर २०२०-२१ पासून कंपनीकडून वेतनच घेत नाहीत. त्याआधी त्यांनी २००८-०९ पासून ते १५ कोटींवर गोठवले होते. याचे कौतुक होते, ते होवो. पण २०२३-२४ साठी रिलायन्सने शेअरमागे १० रुपये लाभांश दिला आणि प्रवर्तक गटाकडे तेव्हा सुमारे ३३२ कोटी शेअर होते. गुणाकार ३,३०० कोटींच्या पुढे जातो. हा पगार नव्हे, मालकीचा परतावा आहे, आणि तोही संपूर्ण गटाचा, एका माणसाचा नव्हे. तरीही मालक-अधिकाऱ्याचे शून्य वेतन आणि नोकरदार अधिकाऱ्याचे ८० कोटी एकाच यादीत वर-खाली मांडणे ही शुद्ध दिशाभूल आहे. प्रवर्तक कुटुंबाच्या कंपनीत मानधनाच्या तक्त्याच्या जोडीला भागधारणेचा तक्ता आणि लाभांशाची ओळ पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही.

गुणोत्तराच्या दुसऱ्या टोकालाही पाहायला हवे. मधला पगार निघतो तो कंपनीच्या स्वतःच्या पटावरच्या लोकांचा. कंत्राटदारामार्फत आलेले सुरक्षारक्षक, सफाई कामगार, कारखान्यातले हंगामी हात त्यात सहसा नसतात. त्यामुळे खालची कामे बाहेर सोपवलेल्या कंपनीचे गुणोत्तर आपोआप सौम्य दिसते.

शेवटी उरतात ते संचालक मंडळाच्या खालचे बडे अधिकारी. नावानिशी तक्त्यात येतात ते संचालक, मुख्य वित्त अधिकारी आणि कंपनी सचिव. एखाद्या विभागाचा प्रमुख वित्त अधिकाऱ्यापेक्षा जास्त कमावत असला तरी तो तिथे दिसत नाही. मात्र सर्वाधिक पगाराचे पहिले दहा कर्मचारी आणि वर्षाला १ कोटी २ लाख किंवा त्याहून अधिक मिळवणारे सगळे यांची स्वतंत्र यादी कंपनीला करावी लागते. कायदा ती यादी छापील अहवालातून वगळण्याची मुभा देतो आणि अनेक कंपन्या ती घेतात. संचालकांच्या अहवालात मग ‘इच्छुक भागधारकांनी कंपनी सचिवांना लिहावे’ असे वाक्य येते. एक शेअर असलेल्यालाही आपला डीमॅट क्रमांक देऊन त्या पत्त्यावर ईमेल करता येतो. यादीत पगारासोबत हुद्दा, शिक्षण, वय, आधीची नोकरी हे असतेच, शिवाय तो कर्मचारी एखाद्या संचालकाचा नातेवाईक आहे का आणि असल्यास कोणत्या संचालकाचा, हेही लिहावे लागते. घराण्याच्या कंपनीत नव्या पिढीचा पगार किती, हे बऱ्याचदा याच रकान्यातून कळते.