पहिल्या डेटला काय बोलायचं? आधी ऐकायचं!

आजचा एपिसोड खास लाजाळू मंडळींसाठी.

समजा, तुम्ही घाटकोपरला राहता आणि संध्याकाळी वर्सोव्याला कोणालातरी पहिल्यांदाच भेटायचंय. मेट्रोत बसलात आणि छातीत धडधड सुरू, तळहात ओले. मग आपण स्वतःला बजावतो, "शांत हो." पण धडधड अशी हुकमावर थांबत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये छापलेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. गाण्याआधी किंवा भाषणाआधी "मी एक्सायटेड आहे" असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची कामगिरी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. कारण भीती आणि उत्सुकता, दोन्हीत शरीर सारखंच जागं असतं. नाव बदलणं सोपं, धडधड बंद करणं अवघड.

तरी पोटात गोळा राहिलाच, तर साकीनाका ते चकाला श्वासाकडे लक्ष द्या. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तुम्ही फार जोरात श्वास घेताय, हळू करा.

आता बोलण्याचं. बरेचजण दहा प्रश्न पाठ करून जातात. गोची अशी की समोरची व्यक्ती बोलत असते आणि आपण मनात पुढचा प्रश्न शोधत असतो. उदाहरणार्थ, ती म्हणाली, "मी बोरिवलीची. रविवारी सकाळी नॅशनल पार्कात जाते." तुम्ही म्हणालात, "अच्छा. आणि जॉब कुठे?" झालं, धागा तुटला.

त्याऐवजी तिच्याच वाक्यातला एक शब्द पकडा. "एकटीच जातेस की कोणासोबत?" "बाबांसोबत. त्यांना पक्ष्यांचं वेड आहे." "मग तुलाही ओळखता येतात का आता?" बघा, एकही प्रश्न पाठ केलेला नाही! 2017 च्या एका अभ्यासात स्पीड डेटिंगमधली संभाषणं तपासली, तेव्हा असे पाठपुराव्याचे प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी जास्त होकार मिळाले होते.

पण नुसतेच प्रश्न विचारलेत तर इंटरव्ह्यू होतो. म्हणून दोन प्रश्नांनंतर स्वतःचं काहीतरी सांगा: "मी तिथे एकदाच गेलोय, शाळेच्या सहलीला, कान्हेरी लेणी बघायला." आता विचारायला तिलाही काहीतरी मिळालं.

आणि दोन-तीनदा प्रयत्न करूनही उत्तरं "हो", "नाही", "ठीक"वरच येत असतील, उलट प्रश्न एकही नसेल, तर तिला कदाचित रस नाही. तेव्हा ओढत बसू नका. चहा संपवा, छान निरोप घ्या. दोघांना जमलं नाही, यात तुमच्या लाजाळूपणाचाच दोष असतो असं नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!