रेंज पूर्ण, तरी व्हिडिओ जात नाही

फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या दिसतात, यूट्यूब अडखळत नाही, पण लग्नाचा व्हिडिओ नातेवाइकांना पाठवायला घेतला की टक्केवारी हलत नाही. कारण त्या कांड्या फक्त टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत किती जोरात पोचतो एवढेच दाखवतात. फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत कसा पोचतो, हे त्यांवरून कळत नाही.

बहुतेक फोन जास्तीत जास्त 0.2 वॅट शक्तीने प्रक्षेपण करतात. बॅटरी, उष्णता आणि शरीराजवळच्या किरणोत्साराची मर्यादा यांमुळे ती फारशी वाढवता येत नाही. टॉवरवरचा रेडिओ मात्र 40 वॅटने, फाइव्ह-जीत 200 वॅटच्याही पुढे बोलतो. टॉवरचा ॲन्टेना संवेदनशील असल्याने फोनचा क्षीण सिग्नलही त्याला टिपता येतो, पण त्यासाठी दूरचा किंवा जाड भिंतीआडचा फोन आपली सगळी शक्ती थोड्याशाच लहरींवर एकवटतो. त्यामुळे संपर्क टिकतो आणि वेग पडतो.

दुसरे कारण वाटपाचे आहे. 2300 मेगाहर्ट्झवरील फोर-जी आणि 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपासचे फाइव्ह-जी यांत जाण्या-येण्याला एकच पट्टा असतो, आणि वेळ आळीपाळीने वाटला जातो. लोक पाठवण्यापेक्षा पाहतात जास्त, म्हणून साधारण तीन-चतुर्थांश वेळ डाउनलोडला मिळतो. मला हा निर्णय योग्यच वाटतो, पण त्याची किंमत शिकवणाऱ्या आणि बातमी पाठवणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

600 मेगाबाइटचा व्हिडिओ म्हणजे 4800 मेगाबिट. 40 एमबीपीएसने तो दोन मिनिटांत उतरतो. अपलोड 4 एमबीपीएस असेल तर वीस मिनिटे लागतात, आणि आतल्या खोलीत तो 1 वर आला तर तब्बल ऐंशी. व्हिडिओ कॉलवर याची खूण ठरलेली: समोरचे तुम्हाला स्पष्ट दिसतात, पण तेच म्हणतात, ‘तुमचा आवाज तुटतोय.’

अपलोड तुंबले की डाउनलोडही मंदावते. आलेल्या माहितीची पोच फोनने परत पाठवावी लागते आणि ती रांगेत अडकते. म्हणून कॉलच्या वेळी फोटोंचा बॅकअप चालू असेल तर सगळेच बिघडते. आधी तो थांबवावा.

स्पीड टेस्टमध्ये बहुतेक जण पहिलाच आकडा पाहतात. अपलोडचा आकडा खिडकीपाशी आणि आतल्या खोलीत, दोन्हीकडे तपासावा. फरक मोठा असेल तर अडचण भिंतींची आहे. अशा वेळी फोनला फाइव्ह-जीवरून फोर-जीवर आणून पाहावे. 900 किंवा 1800 मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला तर त्याच्या लहरी भिंतींतून अधिक आत शिरतात, शिवाय तिथे जाण्याचा मार्ग स्वतंत्र असतो. डाउनलोडचा आकडा घसरेल, पण व्हिडिओ कदाचित आधी पोचेल.