लाभार्थी यादीतील दुबार नोंदी कशा ओळखाव्यात

अनुदानित बियाण्यासाठी आलेल्या अर्जांची यादी संगणकावरील एक्सेल तक्त्यात तयार करताना एकाच खातेदाराचे दोन-तीन अर्ज नोंदले गेल्याचे पुष्कळदा आढळून येते. अशा वेळी तक्त्यातील तयार सोयीने सर्व समान नोंदी रंगविल्यास पहिली, म्हणजे योग्य नोंदही रंगविली जाते. रंगलेल्या सर्व ओळी काढून टाकल्यास त्या शेतकऱ्याचे नावच यादीतून नाहीसे होते व तो बियाण्यास मुकतो. याकरिता पहिली नोंद तशीच ठेवून दुसरीपासून पुढील नोंदींवर खूण करणे इष्ट होय.

प्रथम यादी अर्जाच्या तारखेप्रमाणे लावावी. कारण जी नोंद वर असेल तीच पहिली गणली जाते. B रकान्यात दुसऱ्या ओळीपासून ८-अ चे खाते क्रमांक आहेत असे समजू. C2 या घरात पुढील सूत्र लिहावे व शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढावे.

```
=IF(COUNTIF($B$2:B2,B2)>1,"दुबार","")
```

यातील $ चिन्हामुळे मोजणीचा आरंभ B2 वर स्थिर राहतो. शेवट मात्र प्रत्येक ओळीबरोबर खाली सरकतो. म्हणून प्रत्येक घर आपल्यापर्यंतच्याच नोंदी मोजते, पुढील मोजीत नाही. समजा, क्रमांक अनुक्रमे २१४, ८७, २१४, ३०५, ८७ व २१४ असे आहेत. चौथ्या ओळीत २१४ ची मोजणी २ येते, सहाव्या ओळीत ८७ ची २ व सातव्या ओळीत २१४ ची ३. या तीन ओळींपुढेच 'दुबार' उमटते. समान नोंदी असूनही एकाही ओळीवर खूण उमटली नाही, तर पहिल्या B2 मधील $ चिन्हे राहून गेली नाहीत ना, हे पाहावे.

रकान्यात बँकेचे खाते क्रमांक असल्यास अधिक दक्षता हवी. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते. सोळा अंकी क्रमांक मजकूर म्हणून लिहिला, तरी COUNTIF त्यास संख्या समजते. परिणामी केवळ शेवटच्या अंकात भिन्न असलेली दोन खाती दुबार ठरतात. अशा रकान्यास क्रमांक भरण्यापूर्वीच Text हे स्वरूप द्यावे व पुढील सूत्र वापरावे.

```
=IF(SUMPRODUCT(--($B$2:B2=B2))>1,"दुबार","")
```

खूण झालेली ओळ तत्काळ खोडू नये. सामाईक खात्यात एकाच ८-अ क्रमांकावर अनेक सहधारकांची नावे असतात. दोन भावांनी स्वतंत्र अर्ज केले असतील, तर क्रमांक एकच असूनही अर्जदार भिन्न असतात. म्हणून खूण झालेली प्रत्येक ओळ मूळ अर्जाशी व ८-अ च्या उताऱ्याशी ताडून पाहावी आणि मगच निर्णय घ्यावा.