वर्तुळात मावणारी मोटर

तीन फेजच्या इंडक्शन मोटरवर प्रत्यक्ष पूर्ण भार न टाकता ती पूर्ण भारावर किती अँपिअर घेईल, तिची कार्यक्षमता किती राहील आणि जास्तीत जास्त किती टॉर्क देऊन ती थांबेल, हे सारे एका आलेख कागदावर कंपास आणि गुण्या यांच्या साहाय्याने मोजून काढता येते. या आकृतीला सर्कल डायग्राम म्हणतात. पदविका आणि पदवी अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत ती आजही काढून घेतली जाते, परंतु तिच्यातील कोणत्या वाचनावर किती विश्वास ठेवावा, याची चर्चा मात्र सहसा पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या ओळींत उरकली जाते.

इतिहास थोडक्यात असा, की ही कल्पना अलेक्झांडर हेलँड याने १८९४ मध्ये मांडली, बेहरेंड याने ती वाढवून १९०१ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर दिली आणि स्टेटरच्या रोधाचा परिणाम काटेकोरपणे धरणारे, केंद्र थोडे सरकलेले वर्तुळ पुढे ओसान्ना याच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

वर्तुळ मुळात येते कोठून, हे मात्र सावकाश पाहण्यासारखे आहे. फिरत्या मोटरचा रोटर विद्युतदृष्ट्या एका बदलत्या रोधासारखा वागतो: भार वाढला की स्लिप, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या वेगामागे रोटर जितका रेंगाळतो ते प्रमाण, वाढते आणि हा रोध घटतो. त्याच्या जोडीला असलेला गळतीचा रिअॅक्टन्स, म्हणजे वाइंडिंगभोवती वाया जाणाऱ्या चुंबकीय रेषांमुळे होणारा अडथळा, जवळपास स्थिर राहतो. स्थिर रिअॅक्टन्स आणि बदलता रोध एकाच दाबावर एकापाठोपाठ जोडले, तर त्यांच्या दाबांमध्ये नेहमी काटकोन असतो, आणि अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो या शालेय प्रमेयामुळे प्रवाहाच्या बाणाचे टोक वर्तुळावरच फिरत राहते. त्या वर्तुळाचा व्यास रिअॅक्टन्सच ठरवतो. रोटरचा रोध फक्त टोक वर्तुळावर कोठे थांबायचे एवढेच ठरवतो.

वर्तुळ निश्चित करण्यासाठी त्यावरील दोन बिंदू आणि केंद्र कोणत्या रेषेवर आहे याची माहिती पुरते, म्हणून चाचण्याही दोनच लागतात. साडेसात किलोवॉट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, चार पोलची, डेल्टा जोडणीची एक मोटर उदाहरणादाखल घेतली आहे. नो-लोड चाचणीत ती मोकळी फिरवली असता पूर्ण दाबावर लाइनमध्ये ६ अँपिअर प्रवाह आणि ६०० वॉट शक्ती मिळाली. दुसऱ्या चाचणीत रोटर घट्ट धरून ठेवायचा आणि डिमरस्टॅट शून्यावरून हळूहळू फिरवत प्रवाह नियत मर्यादेच्या आसपास आणायचा. येथे १०० व्होल्टवर १८ अँपिअर आणि ११०० वॉट मिळाले. यांखेरीज दोन टर्मिनलांमधील स्टेटरचा रोध गरम अवस्थेत १.१ ओहम आला. जोडणी स्टार असो वा डेल्टा, टर्मिनलांमधील रोधाची दीडपट लाइनप्रवाहाच्या वर्गाने गुणली की तिन्ही फेजमधील तांब्याची हानी मिळते, त्यामुळे रोधाच्या फेजवार हिशेबात शिरण्याची गरजच पडत नाही.

पहिली चूक या टप्प्यावरच होते. दोन वॉटमीटरच्या पद्धतीत पॉवर फॅक्टर ०.५ पेक्षा कमी असला की एका वॉटमीटरचा काटा उलटा जातो. या मोटरच्या नो-लोड चाचणीत एक वॉटमीटर १५३० वॉट दाखवतो, तर दुसऱ्याच्या कॉइलची टोके बदलून काटा सुलटा केल्यावर तो ९३० दाखवतो. खरी शक्ती वजाबाकी करून ६०० वॉट येते. घाईत बेरीज केली तर २४६० वॉट होतात आणि पॉवर फॅक्टर ०.५७ निघतो. मोकळ्या फिरणाऱ्या मोटरचा पॉवर फॅक्टर इतका चांगला असूच शकत नाही, तो ०.१ ते ०.२ च्या आसपास असतो, एवढे लक्षात ठेवले तरी चूक आकृती काढण्यापूर्वीच पकडता येते. रोटर धरलेल्या चाचणीतही एक काटा उलटाच जातो, कारण तेथे पॉवर फॅक्टर ०.३५ आहे.

आता आकृती. एक सेंटिमीटर म्हणजे ५ अँपिअर हे प्रमाण घेऊन उभी रेषा दाबाची मानायची आणि मूळ बिंदू म पासून उभ्या रेषेशी ८२ अंशांचा कोन करून १.२ सेंटिमीटरची रेषा काढायची. तिचे टोक न हा नो-लोड बिंदू. रोटर धरलेल्या चाचणीचा प्रवाह पूर्ण दाबावर ४.१५ पट, म्हणजे ७४.७ अँपिअर होतो, आणि शक्ती याच गुणोत्तराच्या वर्गाने वाढून १८,९४५ वॉट होते; म्हणून ६९.३ अंशांवर १४.९४ सेंटिमीटरची दुसरी रेषा काढून ल बिंदू मिळवायचा. न मधून आडवी रेषा काढायची. नल या जीवेचा लंबदुभाजक त्या रेषेला जेथे छेदतो तेथे केंद्र क. कंपासमध्ये सुमारे ७.४१ सेंटिमीटर त्रिज्या येते आणि न व ल या दोहोंतून जाणारे अर्धवर्तुळ उमटते.

नल ही आउटपुटची रेषा: वर्तुळावरील कोणत्याही बिंदूपासून तिच्यापर्यंतची उभी लांबी म्हणजे शाफ्टवर मिळणारी शक्ती. ल पासून न च्या आडव्या रेषेवर लंब टाकला की ५.१० सेंटिमीटरची उभी रेषा मिळते. ती तांब्यातील हानी दाखवते. १८ अँपिअरवर स्टेटरची हानी सुमारे ५३५ वॉट, तेव्हा ११०० पैकी उरलेले ५६५ वॉट रोटरचे. याच प्रमाणात ती रेषा विभागून खालून २.४८ सेंटिमीटरवर ट बिंदू ठेवायचा आणि नट जोडायची. ही टॉर्कची रेषा. सेंटिमीटरमागे शक्तीचे प्रमाण ५ गुणिले ७१८.८, म्हणजे ३५९४ वॉट येते. टॉर्कच्या रेषेपासूनची उंची सिंक्रोनस वॉटमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या वेगाने फिरताना तेवढी शक्ती देणाऱ्या टॉर्कच्या रूपात मिळते. तिला १५७ ने, म्हणजे १५०० फेऱ्यांच्या कोनीय वेगाने, भागले की न्यूटन-मीटर हाती येतात.

महत्तम टॉर्क शोधण्याची रीत हा या आकृतीतील सर्वांत देखणा भाग होय. केंद्र क पासून टॉर्कच्या रेषेवर लंब टाकून तो वरच्या बाजूला वर्तुळापर्यंत वाढवायचा. तेथे वर्तुळाची स्पर्शिका टॉर्कच्या रेषेला समांतर असते, म्हणून तेथेच उंची सर्वाधिक असते. त्या बिंदूपासून टॉर्कच्या रेषेपर्यंतची उभी लांबी ६.११ सेंटिमीटर भरते, म्हणजे सुमारे १४० न्यूटन-मीटर. येथे हमखास होणारी गफलत अशी, की लंब नुकताच काढलेला असल्याने पट्टी त्याच तिरक्या रेषेवर ठेवली जाते. तसे मोजल्यास ६.०० सेंटिमीटर येतात आणि टॉर्क दोन टक्क्यांनी कमी दिसतो. आउटपुटची रेषा अधिक तिरपी असल्यामुळे महत्तम आउटपुटच्या बाबतीत हीच चूक सात टक्क्यांवर जाते. ते आउटपुट नीट उभे मोजल्यास सुमारे १८ किलोवॉट येते, परंतु त्या बिंदूवर मोटर ४६ अँपिअरच्या आसपास घेत असल्याने तो आकडा काही क्षणांच्या ताणाचा समजावा; तेवढ्या भारावर मोटर चालवत ठेवली तर वाइंडिंग जळेल.

कार्यक्षमतेसाठी आधी पूर्ण भाराचा बिंदू शोधावा लागतो. साडेसात किलोवॉट म्हणजे २.०९ सेंटिमीटर. ल च्या वर उभ्या रेषेत एवढे अंतर घेऊन तेथून आउटपुटच्या रेषेला समांतर रेषा काढली की ती वर्तुळाला डावीकडे जेथे छेदते तो पूर्ण भाराचा बिंदू होय. त्याची म च्या आडव्या रेषेपासूनची उंची २.३९ सेंटिमीटर, म्हणून कार्यक्षमता २.०९ भागिले २.३९, म्हणजे सुमारे ८७ टक्के, प्रवाह १४.२ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८४. याच बिंदूवर टॉर्क ४९ न्यूटन-मीटर असल्याने महत्तम टॉर्क त्याच्या सुमारे २.८ पट ठरतो. महत्तम कार्यक्षमतेसाठी नल ही रेषा मागे वाढवून म च्या आडव्या रेषेवर छेदबिंदू घ्यायचा आणि तेथून वर्तुळाला स्पर्शिका काढायची, कारण त्या छेदबिंदूतून निघालेल्या रेषेवर सर्वत्र कार्यक्षमता सारखीच असते आणि रेषा जितकी ताठ तितकी ती जास्त. या मोटरमध्ये स्पर्शबिंदू जवळपास पूर्ण भारावरच पडतो. निम्म्या भारावर कार्यक्षमता ८४ टक्के राहते.

ही आकृती सर्वत्र सारखीच विश्वासार्ह आहे असे मानणे मात्र चूक ठरते. म ते न ही रेषा अवघी १.२ सेंटिमीटरची आहे. तिच्या कोनात एका अंशाची चूक झाली तर टोक फक्त ०.२ मिलिमीटर सरकते, परंतु ते पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीएवढे सरकणे सुमारे ७५ वॉट ठरते आणि कार्यक्षमता ८७.३ वरून ८६.६ वर येते. महत्तम टॉर्कला त्याचे काहीच वाटत नाही. पूर्ण भाराची स्लिप तर त्याहून नाजूक: ती टॉर्कच्या आणि आउटपुटच्या रेषांमधील ०.७ मिलिमीटरच्या फटीतून वाचावी लागते. म्हणून कागदावर काढलेल्या आकृतीतून कार्यक्षमता काढताना दशांशानंतरचे आकडे लिहिणे हा निव्वळ दिखावा म्हटला पाहिजे, आणि ते आकडे हवेच असतील तर त्याच भूमितीचे बीजगणित करणे उत्तम.

महत्तम टॉर्कमध्ये पेन्सिलीची चूक कमी असली तरी भौतिकीची चूक मोठी असते. व्यास गळतीच्या रिअॅक्टन्सवर अवलंबून आणि तो रिअॅक्टन्स १८ अँपिअरवर मोजलेला. महत्तम टॉर्कच्या वेळी प्रवाह ५२ अँपिअरच्या आसपास असतो आणि दातांमधले लोखंड संपृक्त होऊन रिअॅक्टन्स घटतो, म्हणून काढलेले वर्तुळ प्रत्यक्षापेक्षा लहान असते. सुरुवातीच्या टॉर्कचा येथील ६० न्यूटन-मीटर हा आकडाही त्याच कारणाने कमी ठरतो. याच्या जोडीला रोटरची अडचण येते. रोटर धरला असताना त्यातील प्रवाह ५० हर्ट्झचा असतो, तर फिरताना तो दीड हर्ट्झच्या आसपास येतो. खोल खाचांच्या रोटरमध्ये ५० हर्ट्झला प्रवाह दांड्याच्या वरच्या भागात एकवटतो आणि रोध वाढलेला दिसतो. त्यामुळे आकृती चालत्या मोटरची स्लिप जास्त आणि कार्यक्षमता कमी दाखवते. यावर उपाय म्हणून रोटर धरण्याची चाचणी १२.५ हर्ट्झवर, म्हणजे नियत वारंवारतेच्या एक चतुर्थांशावर, घेण्याची पद्धत आहे. त्यातून मिळालेला रिअॅक्टन्स वारंवारतेच्या प्रमाणात चौपट करून ल नव्याने काढला जातो. अशा मोटरसाठी एकाच कागदावर दोन वर्तुळे काढावी लागतात: चालू होण्याच्या क्षणाचे पहिले आणि चालत्या स्थितीचे दुसरे.