दोन देशांचे एकच समीकरण

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना वाहून नेणाऱ्या मोटारी चालवणाऱ्यांत लुईस फ्राय रिचर्डसन नावाचे एक इंग्रज हवामानशास्त्रज्ञ होते. पंथाने ते क्वेकर; शस्त्र हाती धरायचे नाही हा त्यांचा धर्म. हवामानाचा अंदाज आकडेमोड करून बांधता येईल का, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. युद्ध जवळून पाहिल्यावर मात्र त्यांनी तीच गणिती नजर देशांच्या वागण्याकडे वळवली. १९१९ मध्ये त्यांनी युद्धाच्या गणिती मानसशास्त्रावर एक छोटे पुस्तक स्वतःच छापून घेतले. १९३९ मध्ये तोच विषय विस्ताराने मांडला, आणि शस्त्रस्पर्धेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९६० मध्ये बाहेर आला.

रिचर्डसन यांची मांडणी दोन ओळींची आहे. एका देशाचा शस्त्रसाठा x आणि शेजारी देशाचा y असे धरू. x′ म्हणजे x वाढण्याचा किंवा घटण्याचा वेग. Y′ म्हणजे y चा.

x′ = ky − ax + g
y′ = lx − by + h

पहिली ओळ अशी वाचायची: शेजाऱ्याचा साठा जितका मोठा, तितकी भीती मोठी, म्हणून आपला साठा वाढतो, त्या भीतीचे माप k. आपला साठा जितका मोठा, तितका खर्चाचा भार जड, म्हणून वाढीला लगाम बसतो. त्याचे माप a. आणि शेजाऱ्याकडे एकही बंदूक नसली तरी मनात असलेली जुनी अढी म्हणजे g. दुसऱ्या ओळीत हेच तिघे शेजाऱ्याच्या बाजूने, l, b आणि h या नावांनी येतात.

अडचण पहिल्या ओळीतच आहे. x पुढे कुठे जाईल हे कळायला y माहीत हवा, y कळायला x माहीत हवा. एकटे कुठलेच समीकरण सुटत नाही. दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणे सोडवताना आपण एका चलाचा लोप करत होतो. इथेही तेच करायचे आहे. फरक इतकाच की इथे चलांबरोबर त्यांचे वेगही आहेत, त्यामुळे नुसती बेरीज-वजाबाकी पुरत नाही. मध्ये एकदा विकलन करावे लागते.

प्रत्यक्ष आकडे घेऊन करू. उदाहरण काल्पनिक आहे. काळ दशकांत मोजू, साठा कुठल्याही सोयीच्या एककात.

x′ = 2y − 3x + 2
y′ = x − 2y + 6

पहिल्या समीकरणाचे पुन्हा एकदा विकलन करू. म्हणजे 'वेग किती' याऐवजी 'वेग स्वतः कसा बदलतो' असे विचारू. त्याला x″ म्हणतात.

x″ = 2y′ − 3x′

अढीचा 2 हा स्थिर आकडा, म्हणून तो गळून पडला. आता y′ च्या जागी दुसरे समीकरण ठेवू.

x″ = 2x − 4y + 12 − 3x′

y अजून शिल्लक आहे. पण y किती हे पहिल्या समीकरणाने आधीच सांगून ठेवले आहे: 2y = x′ + 3x − 2. त्याची दुप्पट, म्हणजे 4y = 2x′ + 6x − 4, वरच्या ओळीत घातली आणि सारखी पदे एकत्र केली की

x″ + 5x′ + 4x = 16

y गेला. उरला एकटा x, पण समीकरण पहिल्या कोटीचे होते ते दुसऱ्या कोटीचे झाले. ही या पद्धतीची किंमत आहे, आणि ती टाळता येत नाही. सुरुवातीला दोन गोष्टी माहीत असाव्या लागत होत्या: आपला साठा आणि शेजाऱ्याचा साठा. आताही दोनच लागतात: आपला साठा आणि तो बदलण्याचा सुरुवातीचा वेग. शेजारी समीकरणात दिसत नाही, पण त्याची माहिती आपल्याच वेगात जाऊन बसली आहे. एखाद्या देशाचा साठा आज किती हे कळले तर उद्याचे सांगता येत नाही; साठा आणि त्याचा कल दोन्ही कळले तर, या मांडणीपुरते, शेजाऱ्याकडे न पाहताही सांगता येते.

समजा सुरुवातीला आपल्याकडे २ एकके आहेत आणि शेजाऱ्याकडे काहीच नाही. सुरुवातीचा वेग मनाने धरायचा नाही. तो पहिल्या समीकरणातूनच काढायचा: 2·0 − 3·2 + 2, म्हणजे −४.

आता समीकरणाचे उत्तर. साठा कुठे स्थिरावेल हे लगेच दिसते: वेग शून्य आणि वेगातला बदलही शून्य धरला की 4x = 16, म्हणजे x = 4. त्या पातळीपासूनचे अंतर कसे मिटत जाते हे ठरवायला x″, x′ आणि x यांच्या जागी r², r आणि १ ठेवून मिळणारे साधे वर्गसमीकरण सोडवायचे: r² + 5r + 4 = 0. त्याची मुळे −१ आणि −४. दोन्ही ऋण, म्हणून अंतर मिटत जाणार. सुरुवातीच्या दोन अटी वापरल्यावर उत्तर येते:

x = 4 − 4e^(−t) + 2e^(−4t)

या उत्तरात एक मजेशीर गोष्ट आहे. साठा २ वरून निघतो आणि ४ वर पोचतो, पण सरळ चढत जात नाही. शेजारी निःशस्त्र असल्यामुळे आधी तो उतरतो. साधारण ०.२३ दशकांनी, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आसपास, तो सुमारे १.६२ या तळाला जातो आणि मग वर वळतो, कारण तोवर शेजाऱ्याने शस्त्रे जमवलेली असतात. स्थिर गुणांकांचे एकट्या x चे पहिल्या कोटीचे समीकरण असे वळण कधीच देऊ शकत नाही. त्यात साठा ठरला की वेगही ठरतो, म्हणून एकाच साठ्यावरून एकदा खाली आणि एकदा वर जाणे शक्यच नसते. इथे २ हा आकडा दोनदा येतो, एकदा उतरताना आणि एकदा चढताना. दुसऱ्या वेळी शेजारी बदललेला असतो.

आता y. चुका बहुतेक इथेच होतात. x मिळाला म्हणून तो दुसऱ्या समीकरणात घालून y साठी नव्याने समाकलन करायला बसले, तर आणखी एक स्थिरांक हाती येतो. y साठीही स्वतंत्र दुसऱ्या कोटीचे समीकरण मांडले तर एकूण चार स्थिरांक होतात, आणि आपल्याकडे अटी तर दोनच. मग त्यांतले काही मनाने ठरवले जातात आणि उत्तर बिघडते. खरे तर समाकलनाची गरजच नाही. लोप करताना वापरलेली ओळ, 2y = x′ + 3x − 2, तीच पुन्हा वापरायची. x आणि x′ दोन्ही माहीत आहेत, त्यामुळे साध्या आकडेमोडीने येते:

y = 5 − 4e^(−t) − e^(−4t)

t = 0 घातला की ५ − ४ − १ = ०; शेजारी सुरुवातीला निःशस्त्र होता, हे जुळले. पण एवढ्यावर थांबू नये. पडताळा नेहमी ज्या समीकरणातून y काढला नाही त्यात घ्यावा, म्हणजे इथे दुसऱ्यात. कारण पहिले समीकरण तर आपण जुळवूनच घेतलेले असते. X चुकला असला तरी ते जुळलेलेच दिसेल.

पद्धतीला दोन मर्यादा आहेत. k शून्य असेल, म्हणजे आपण शेजाऱ्याची पर्वाच करत नसू, तर पहिल्या समीकरणातून y काढायला k ने भागता येत नाही. पण तेव्हा लोपाची गरजही नसते: पहिले समीकरण एकटेच सुटते आणि त्याचे उत्तर दुसऱ्यात जाते. दुसरी मर्यादा अशी की k काळानुसार बदलत असेल, तर विकलन करताना k च्या बदलाचे एक पद वाढते. ते विसरून वरचाच साचा वापरला तर समीकरण दिसायला नीट असते आणि उत्तर चुकते.

आकड्यांऐवजी अक्षरे ठेवून याच पायऱ्या केल्या की

x″ + (a + b)x′ + (ab − kl)x = bg + kh

सगळी गोम कंसातल्या ab − kl मध्ये आहे. आपल्या उदाहरणात ab सहा आणि kl दोन, म्हणून फरक धन, आणि साठे स्थिरावले. शेजाऱ्याची भीती चौपट करून l = 4 धरला तर kl आठ होतो, फरक ऋण होतो, आणि r² + 5r − 2 = 0 या समीकरणाला सुमारे ०.३७ हे धन मूळ मिळते. मग साठे कुठेच थांबत नाहीत. दोन्हीकडच्या भीतीचा गुणाकार दोन्हीकडच्या लगामांच्या गुणाकारापेक्षा मोठा झाला की स्पर्धा सुटते. मूळच्या दोन ओळींकडे पाहून हे दिसत नाही. त्यात गुणाकार कुठेच नाही. तो लोपातून येतो, कारण आपली भीती शेजाऱ्याचा साठा वाढवून फिरून आपल्याचकडे येते. अढी, म्हणजे g आणि h, या कंसात नाही. ती साठे कुठल्या पातळीला थांबतील हे ठरवते, थांबतील की नाही हे नाही.

रिचर्डसन यांनी हे खऱ्या आकड्यांवर लावून पाहिले. १९०९ ते १९१३ या काळात एका बाजूला फ्रान्स आणि रशिया, दुसऱ्या बाजूला जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी होते. या चौघांचा मिळून संरक्षणखर्च सुमारे १९.९ कोटी पौंडांवरून २८.९ कोटींवर गेला. दोन्ही गट सारखेच वागतात असे धरले, म्हणजे a आणि b समान, k आणि l समान, तर वर्गसमीकरणाची मुळे k − a आणि −k − a येतात. पहिले मूळ धन असेल तर एकूण खर्चातली वाढ त्याच्या प्रमाणात होत राहते. रिचर्डसन यांनी दरवर्षीची वाढ एकूण खर्चासमोर मांडली, तेव्हा बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेवर आले आणि तिचा चढ वर्षाला ०.७३ निघाला. लगामाचे माप त्यांनी वर्षाला ०.२ असे धरले होते. म्हणजे k सुमारे ०.९३, लगामांचा गुणाकार ०.०४, भीतीचा गुणाकार ०.८६ च्या घरात.

रेषा सुबक आहे, पण ती अवघ्या चार बिंदूंतून गेली आहे, आणि दोन्ही गट सारखे धरल्यामुळे कोण कोणाला भीत होते हा फरक तिच्यात उरलेला नाही. युद्ध कधी पेटेल, हेही समीकरण सांगत नाही. युद्ध नावाचे चलच त्यात नाही. चार देश खरोखर वेगवेगळे धरले तर तिघांचा लोप करत एका x पर्यंत येताना समीकरण सर्वसाधारणपणे चौथ्या कोटीचे होते आणि ते हाताने सोडवणे जिकिरीचे ठरते. रिचर्डसन यांच्या रेषेने दाखवले ते इतकेच की त्या पाच वर्षांत लगाम भीतीपुढे फार तोकडा होता, आणि तसेच चालू राहते तर हा खर्च आपोआप कुठे थांबणार नव्हता.