कंपनीचं नाव, मालकी कुणाची?

नवी कंपनी नोंदवली गेली की संस्थापक मला प्रमाणपत्राचा फोटो हौसेनं पाठवतात. खाली एकच ओळ असते: ‘नाव मिळालं!’ त्या प्रत्येकाला मी एक ई-मेल पाठवते. त्यातला मुद्दा फक्त नव्या कंपन्यांपुरता नाही. दुकानावर पाटी लावणाऱ्या कुणालाही तो लागू पडतो, म्हणून इथे तो सविस्तर मांडते.

कंपनी निबंधकानं नाव मंजूर केलं याचा अर्थ एवढाच, की त्या नावानं तुम्हाला कंपनी चालवता येईल. त्या नावानं माल विकण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. तो हक्क ट्रेडमार्कचा असतो. त्याचा कायदा वेगळा, १९९९ चा, आणि त्याची नोंदवहीही वेगळी. दुसऱ्याचा ट्रेडमार्क कंपनीला नाव म्हणून देऊ नये असं कंपनी नोंदणीच्या नियमांत आहे. पण त्या टप्प्यावरच्या तपासणीतून नावं निसटतात, आणि निसटलेल्या नावाची जोखीम निबंधकावर नसते, तुमच्यावर असते.

समजा, पुण्यातल्या दोन मैत्रिणींनी एप्रिल २०२३ मध्ये नाचणीच्या बिस्किटांची कंपनी काढली. कंपनीचं नाव तेच ब्रँडचं नाव. अडीच वर्षांत माल शंभरेक दुकानांत पोचला. नोव्हेंबर २०२५ मध्ये इंदूरच्या एका बेकरीच्या वकिलाची नोटीस आली. बेकरीचं नाव कानाला अगदी तसंच, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, आणि ट्रेडमार्क २०१७ पासून वर्ग ३० मध्ये नोंदलेला. बिस्किटं याच वर्गात येतात. स्पेलिंग वेगळं आहे या उत्तराचा इथे फारसा उपयोग होत नाही. गिऱ्हाईक दुकानात नाव उच्चारून माल मागतं, म्हणून नाव ऐकायला कसं वाटतं हेही कायदा पाहतो.

बेकरीपुढे दोन वाटा असतात. एक न्यायालयाची. नोंदलेला ट्रेडमार्क त्याच मालाच्या धंद्यात कंपनीचं नाव म्हणून वापरणं हेदेखील उल्लंघन ठरतं, त्यामुळे ‘हे तर आमच्या कंपनीचंच नाव आहे’ हा बचाव टिकत नाही. दुसरी वाट कंपनी कायद्याच्या कलम १६ ची. ट्रेडमार्कचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत प्रादेशिक संचालकांकडे अर्ज करू शकतो. आपल्या उदाहरणात ही मुदत एप्रिल २०२६ पर्यंत आहे. संचालकांनी आदेश दिला तर तीन महिन्यांत नाव बदलावं लागतं. नाही बदललं तर निबंधकच नवं नाव देतो. ते ORDNC या अक्षरांनी सुरू होतं, पुढे वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा ओळख क्रमांक. शिवाय जिथे जिथे कंपनीचं नाव छापलं जाईल, तिथे खाली कंसात लिहावं लागतं की प्रादेशिक संचालकांचा आदेश पाळलेला नाही. असं नाव बघून कुठला वितरक उधारीवर माल उचलेल?

तीन वर्षं उलटली की सुटलो, असं मात्र नाही. ही दुसरी वाट बंद झाली तरी न्यायालयाची उघडीच राहते.

याला एक बाजू अशीही आहे, जी तुमच्या बाजूची असू शकते. आपल्याकडे नोंदणीपेक्षा आधीचा वापर मोठा मानला जातो. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या नावावरून झालेल्या वादात दोन्ही पक्षांकडे नोंदणी होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ज्यांचा वापर आधीचा, त्यांचा हक्क वरचढ ठरवला. म्हणून त्या नावाचं पहिलं बिल, पहिल्या लेबलच्या छपाईची पावती, पहिल्या जाहिरातीची तारीख जपून ठेवा. पुण्याच्या मैत्रिणींनी २०१७ च्या आधीपासून, बेकरीच्याही आधी, त्याच नावानं घरून बिस्किटं विकली असती आणि तशी बिलं दाखवता आली असती, तर बोलणं वेगळ्या पायावर झालं असतं.

कंपनीचा अर्ज भरण्याआधी ट्रेडमार्क नोंदवहीच्या संकेतस्थळावर शोध घ्या. तो विनामूल्य आहे. तिथे शब्दाचा शोध घेऊन थांबू नका, फोनेटिक शोधही घ्या, कारण एका अक्षराच्या फरकाची नावं त्यातच सापडतात. शोध योग्य वर्गात घ्या. सापडलेल्या नावापुढे ‘प्रलंबित’ असं दिसलं तर ते सोडून देऊ नका, कारण नोंदणी झाली की हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. मग अर्ज कंपनीच्या नावानं करा. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे.

मैत्रिणींना आता पाकिटं, अन्न परवाना, जीएसटी, बँक खातं आणि संकेतस्थळ, सगळीकडे नाव बदलावं लागेल. तुमची पाकिटं अजून छापायला गेली नसतील, तर आज रात्रीच तो शोध घ्या.